हळदीच्या दुधात मिरी कशासाठी?

आपल्या सोलापुरात सांगलीची हळद येते. तिच्यातलं कर्क्युमिन पोटात गेलं तरी रक्तात फारच थोडं पोहोचतं. आतड्याची भिंत आणि यकृत त्याला ग्लुकुरोनिक आम्ल जोडतात, मग शरीर ते बाहेर टाकतं. मिरीतलं पायपरिन हे जोडण्याचं काम मंदावतं. १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी निरोगी माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपरिन दिलं, तेव्हा रक्तातलं कर्क्युमिन सुमारे वीसपट झालं. पण चमचाभर हळदीत कर्क्युमिन साधारण १०० मिलिग्रॅमच असतं. शिवाय पायपरिन फिटवरच्या फेनिटॉइनसारख्या औषधाचंही रक्तातलं प्रमाण वाढवतं. घरात अशी गोळी कुणाला चालू असेल, तर पायपरिनची कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच द्या.