उरलेल्या सहा चौकटी

लिफ्टमध्ये मजल्याचा आकडा दाखवणाऱ्या सात पट्ट्यांच्या दिव्याकडे नीट पाहा. खाली डावीकडे एक उभी पट्टी असते. अभियंते तिला e म्हणतात. ती 0, 2, 6 आणि 8 या चारच अंकांना पेटते, बाकी अंकांना विझलेली राहते. आता प्रश्न असा, की ती कधी पेटवायची हे ठरवणारे सर्किट किती लहान करता येईल?

अंक सर्किटपर्यंत चार तारांवरून येतो. A तारेची किंमत 8, B ची 4, C ची 2 आणि D ची 1. म्हणजे 6 हा अंक 0110 असा पोहोचतो. चार तारांवर 0 आणि 1 यांच्या सोळा जुळण्या होतात, पण अंक मात्र दहाच आहेत. 10 ते 15 या सहा जुळण्या इथे येणारच नसतील, तर तेव्हा पट्टी पेटली काय आणि विझली काय, फरक पडत नाही. त्यांना ‘डोंट केअर’ म्हणतात आणि X ने दाखवतात.

बेल लॅबोरेटरीजमधले मॉरिस कार्नो यांनी 1953 मध्ये अशा प्रश्नांसाठी एक नकाशा मांडला. त्याआधीच्या वर्षी एडवर्ड वाइच यांनी सुचवलेल्या तक्त्याची ही सुधारित मांडणी होती. आपल्या पट्टीचा नकाशा असा दिसतो:

```
AB\CD   00   01   11   10
00       1    0    0    1
01       0    0    0    1
11       X    X    X    X
10       1    0    X    X
```

मथळ्यात 01 नंतर 10 न येता 11 येतो, आणि सगळी करामत याच क्रमात आहे. त्यामुळे शेजारच्या कोणत्याही दोन चौकटींत एकाच तारेचा फरक उरतो. दोन्ही चौकटींत 1 असेल, तर त्या तारेचे मत विचारायची गरजच नाही, ती गळून पडते. चार चौकटींचा गट जमला तर दोन तारा गळतात. गट 1, 2, 4, 8 अशाच आकाराचे आणि आयताकृती हवेत. नकाशाच्या समोरासमोरच्या कडाही एकमेकींना चिकटलेल्या मानायच्या.

आधी X ला 0 समजून पाहू. 0 आणि 8 यांची एक जोडी होते, 2 आणि 6 यांची दुसरी:

```
e = B'C'D' + A'CD'
```

अक्षरावरची खूण म्हणजे त्या तारेचा उलटा संकेत. इथे चारही तारा उलटवाव्या लागतात, शिवाय तीन-तीन इनपुटची दोन अँड गेट आणि एक ऑर गेट लागते.

आता X मोकळे सोडू. 10 ची चौकट 1 धरली, की नकाशाचे चारही कोपरे मिळून एक गट होतो. B आणि D तिथे सगळीकडे 0 आहेत, म्हणून B'D'. त्यासोबत 14 सुद्धा 1 धरली, तर उजवीकडचा अख्खा स्तंभ हाती येतो, म्हणजे CD'. उरलेल्या चार X ना 0 राहू द्यायचे.

```
e = B'D' + CD'
```

A तार पूर्णपणे बाद झाली. उलटवायच्या तारा चारवरून दोनवर आल्या आणि अँड गेटही दोन-दोन इनपुटची झाली. इथेच थांबायला हवे. 8, 10, 12, 14 यांचाही चौघांचा गट होतो, तो नियमातही बसतो. पण त्यातला एकमेव खरा 1 कोपऱ्यांच्या गटात आधीच आला आहे, त्यामुळे तो घेतल्यास एक गेट फुकट वाढते. विद्यार्थी हमखास इथे अडखळतात. X वापरायचे ते खऱ्या 1 चा गट मोठा करण्यापुरतेच, प्रत्येक X झाकण्याची सक्ती नाही.

ही मोकळीक घेताना एक गोष्ट विसरता कामा नये. कागदावर X असले, तरी प्रत्यक्ष गेट काहीतरी एक उत्तर देतेच. आपले सर्किट 10 आणि 14 ला पट्टी पेटवणार, 11, 12, 13 आणि 15 ला विझवणार. 7447 ही जुनी, प्रसिद्ध चिप e पट्टीच्या बाबतीत नेमके हेच करते. तिला 10 ते 14 दिले तर कुठल्याच अंकासारखी न दिसणारी चिन्हे उमटतात आणि 15 ला सगळे विझते. वीज सुरू होताना काउंटर भलत्याच स्थितीत जागा झाला किंवा एखादी तार सैल झाली, तर हे संकेत खरोखरच येऊ शकतात. 4511 या चिपमध्ये म्हणूनच वेगळी निवड दिसते: 9 च्या पुढे काहीही आले की सातही पट्ट्या विझतात. तिथे त्या सहा चौकटींत X नसून ठाम 0 आहेत, आणि त्यासाठी जास्तीची गेट खर्ची पडली आहेत.

म्हणून सर्किट जोडून झाले की 0 ते 9 तपासून थांबू नका. 10 ते 15 हे संकेतही मुद्दाम देऊन पाहा, आणि जे दिसेल ते चालणार आहे का, हे सर्किट वापरणाऱ्याला विचारा.