पडदा चार-तीनचा, स्लाइड सोळा-नऊची

आमच्या सभागृहातला प्रोजेक्टर जुना आहे. त्याचं चित्र १०२४ बाय ७६८ ठिपक्यांचं, म्हणजे ४:३ आकाराचं, आणि पडदा आठ बाय सहा फुटांचा. पाहुणे वक्ते लॅपटॉप जोडतात, चित्राच्या वर-खाली काळ्या पट्ट्या दिसतात आणि हमखास विचारणा होते, “काहीतरी बिघडलंय का? जरा पडदाभर करा ना.”

बिघडलेलं काही नसतं. २०१३च्या आवृत्तीपासून पॉवरपॉइंटची नवी फाइल आपोआप १६:९ आकाराची उघडते. ती १३.३३ इंच रुंद आणि ७.५ इंच उंच असते. आठ फूट रुंदीत ती बसवली की उंची साडेचार फूटच भरते, आणि उरलेला दीड फूट वर नऊ इंच, खाली नऊ इंच असा काळा राहतो. स्लाइडचा एकही कोपरा कापला गेलेला नसतो. उलट खालची पट्टी कधी उपयोगीच पडते, कारण पुढच्या रांगेतल्या डोक्यांआड जाणारा भाग तेवढा रिकामा असतो.

मग कुणीतरी प्रोजेक्टरच्या रिमोटवरून चित्र ताणून पडदा भरतं. हे मात्र खरंच चुकीचं आहे. उंची साडेचारची सहा फूट झाली की वर्तुळं उभट अंडाकृती होतात, नकाशातला जिल्हा लांबुळका दिसतो, आलेखाचा चढ आहे त्याहून तीव्र भासतो. मी पहिल्या स्लाइडच्या कोपऱ्यात एक साधं वर्तुळ ठेवते. पडद्यावर ते आडवं-उभं सारखं भरलं नाही, तर ताण आधी काढायचा आणि मगच बोलायला उभं राहायचं.

सर्वांत पक्का गैरसमज असा, की `Design > Slide Size` मध्ये जाऊन ४:३ निवडलं की काम झालं. तिथे पॉवरपॉइंट `Maximize` की `Ensure Fit` असं विचारतं. `Maximize` निवडलं तर मजकूर आहे त्याच मापाचा राहतो, पण स्लाइडची रुंदी १३.३३ वरून १० इंच होते. दोन्ही बाजूंना सुमारे पावणेदोन इंच मजकूर स्लाइडबाहेर जातो. तक्त्याचा पहिला आणि शेवटचा रकाना असाच गायब होतो.

`Ensure Fit` मध्ये काही बाहेर जात नाही, पण सगळं पाऊणपट लहान होतं: २४ पॉइंटचं अक्षर १८चं. आता हिशेब पाहा. १३.३३ इंचांची स्लाइड आठ फुटांवर पडली की ती ७.२ पट मोठी होते, त्यामुळे २४ पॉइंटचं, म्हणजे एक तृतीयांश इंचाचं, अक्षर पडद्यावर २.४ इंचांचं होतं. १० इंचांची स्लाइड ९.६ पट मोठी होते, आणि १८ पॉइंटचं अक्षरही २.४ इंचांचंच भरतं. काळ्या पट्टीच्या जागी स्लाइडची पार्श्वभूमी आली, एवढाच काय तो फरक. शेवटच्या रांगेतल्या माणसाला काहीच जास्त दिसत नाही.

फायदा हवा असेल तर मांडणीच बदलावी लागते, आणि ते घरी, फाइलची प्रत काढून करायचं काम आहे. आकार बदलल्यावर वर-खाली मिळून १.८७ इंच जागा मोकळी मिळते. शेजारी-शेजारी ठेवलेला आलेख आणि मजकूर एकाखाली एक घ्यायचा, आणि अक्षर पुन्हा २४ करायचं. ते आता पडद्यावर ३.२ इंचांचं दिसेल. ओळी लवकर तुटतील, म्हणून शब्द कमी करावे लागतील. मास्टर स्लाइडवरचं बोधचिन्ह चेपलेलं नाही ना, तेही पाहून घ्यावं.

सभागृहाला फोन करताना नुसतं पडद्याचं माप विचारून भागत नाही, कारण सहा फूट उंच पडद्यावर १६:१० चा प्रोजेक्टरही लावलेला असू शकतो. मॉडेल विचारावं आणि त्याची नेटिव्ह रिझोल्यूशन पाहावी. खोक्यावर लिहिलेलं ‘१०८० सपोर्ट’ म्हणजे फक्त तेवढा सिग्नल तो स्वीकारतो. १०२४ ठिपक्यांचा प्रोजेक्टर १९२० ठिपके दाबून बसवतो आणि बारीक अक्षरं पुसट होतात. म्हणून जोडल्यावर `Windows + P` दाबून `Extend` निवडावं. मग लॅपटॉप आणि प्रोजेक्टर आपापल्या मापावर ठेवता येतात. `Duplicate` मध्ये दोघांना एकच माप वापरावं लागतं.

काहीच कळलं नाही तर मी १६:१० ची स्लाइड करते. ती ४:३ वर सहाव्या हिश्श्याइतकी आणि १६:९ वर दहाव्या हिश्श्याइतकी जागा सोडते. चुकीच्या जागी गेलेली ४:३ किंवा १६:९ ची स्लाइड मात्र पाव जागा रिकामी ठेवते.