वस्ती उठते, वस्ती बसते : तुकड्यांत विखुरलेल्या जीवांचा हिशेब

एखाद्या शेतकऱ्याने आपल्या शेतातील किडीचा पुरता बंदोबस्त करावा आणि थोड्याच दिवसांत ती शेजारच्या शिवारातून परत यावी, हा अनुभव विस्तार कार्यकर्त्यांना नवा नाही. रिचर्ड लेव्हिन्स या अमेरिकी परिस्थितिकीतज्ज्ञांनी नेमक्या याच प्रश्नाला १९६९ साली गणिती रूप दिले. संशोधनाकडे वळण्यापूर्वी ते प्वेर्तो रिकोत काही काळ शेती करत होते. जैविक कीडनियंत्रणाच्या संदर्भात त्यांनी लिहिलेला तो लेख कीटकशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आज मात्र त्यातील सूत्र अधिक वापरले जाते ते वन्यजीव वाचवण्यासाठी. कीड हटवायची असो वा फुलपाखरू टिकवायचे असो, हिशेब एकच आहे, फक्त अपेक्षित उत्तर उलटे.

लेव्हिन्स यांची कल्पना साधी होती. एका शेतातील किडे मोजत बसण्याऐवजी त्यांनी शेतेच मोजली. प्रत्येक तुकड्याच्या दोनच अवस्था मानल्या, वसलेला किंवा रिकामा. कोणत्याही एका तुकड्यातील वस्ती आज ना उद्या उठते. कधी दुष्काळाने, कधी रोगाने, कधी केवळ संख्या फार थोडी असल्यामुळे. मात्र ज्या तुकड्यांत वस्ती आहे तेथून काही जीव बाहेर पडतात आणि रिकाम्या तुकड्यांत नवी वस्ती बसवतात. अशा रीतीने परस्परांत देवाणघेवाण करणाऱ्या वस्त्यांच्या समुदायाला ‘मेटापॉप्युलेशन’ म्हणतात. यातील एकही वस्ती कायमची नसते, तरी समुदाय शतकानुशतके टिकू शकतो.

आकडे घेऊन पाहू. समजा, एखाद्या परिसरात सारख्या आकाराचे १०० तुकडे आहेत. दरवर्षी वसलेल्या तुकड्यांपैकी पाचव्या हिश्श्यातील वस्ती उठते, म्हणजे विलोपनाचा दर ०.२. वसाहतीचा दर ०.५ मानू. आज ६० तुकडे वसलेले आणि ४० रिकामे असतील, तर वर्षभरात ६० पैकी १२ वस्त्या उठतील. नव्या किती बसतील? ०.५ ला वसलेल्यांच्या हिश्श्याने (०.६) आणि रिकाम्यांच्या हिश्श्याने (०.४) गुणले की ०.१२ येते, म्हणजे पुन्हा १२ तुकडे. जमा आणि खर्च सारखे झाले. पुढच्या वर्षी वसलेले तुकडे ६०च असतील, पण तेच ६० नसतील. सूत्ररूपाने समतोलावर वसलेल्या तुकड्यांचा हिस्सा असा येतो:

p* = h − e/c

येथे e हा विलोपनाचा दर, c हा वसाहतीचा दर आणि h हा मूळ तुकड्यांपैकी शिल्लक असलेल्यांचा हिस्सा. सर्व तुकडे शाबूत असताना h = १, आणि १ − ०.२/०.५ = ०.६.

ही केवळ कागदावरची आकडेमोड नाही, हे ऑलंड बेटांवर दिसून आले. फिनलंड आणि स्वीडन यांच्या मधल्या बाल्टिक समुद्रातील या द्वीपसमूहात सुमारे ४,००० लहान कोरडी कुरणे विखुरलेली आहेत. बहुतेक कुरणे काही गुंठ्यांहून मोठी नाहीत. त्यांवर ग्लॅनव्हिल फ्रिटिलरी नावाचे फुलपाखरू जगते. त्याच्या अळ्या तेथे दोनच वनस्पतींवर पोसल्या जातात. त्यांतली एक, प्लांटॅगो लॅन्सिओलाटा, ही आपल्या इसबगोलाची सख्खी बहीण म्हणावी इतकी जवळची. दुसरी व्हेरोनिका स्पिकाटा. मादी शंभर-दीडशे अंड्यांचा पुंजका घालते आणि त्यातून निघालेल्या अळ्या एकत्र राहतात. शरद ऋतूत त्या झाडाच्या बुंध्याशी पांढरे रेशमी जाळे विणून त्यात हिवाळाभर सुप्तावस्थेत पडून राहतात. मोजणी करणाऱ्याला याहून मोठी सोय कोणती? हेलसिंकी विद्यापीठाचे इल्का हान्स्की यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी येथे काम सुरू केले. तेव्हापासून दर शरद ऋतूत विद्यार्थ्यांच्या तुकड्या कुरणाकुरणातून हिंडून ही जाळी शोधत आल्या आहेत.

या नोंदींचे चित्र विलक्षण आहे. चार हजारांपैकी साधारणतः काही शेच कुरणे एका वेळी वसलेली असतात. त्यांपैकी कित्येक वस्त्या म्हणजे एकच जाळे, एकाच मादीची संतती. दरवर्षी शंभराच्या आसपास वस्त्या उठतात आणि जवळजवळ तितक्याच नव्या बसतात. एखाद्या कुरणाशेजारी राहणाऱ्या माणसाला वाटावे की फुलपाखरू संपले. दोन किलोमीटरवरच्या माणसाला वाटावे की ते नव्यानेच आले. दोघांचेही निरीक्षण खरे आणि दोघांचाही निष्कर्ष चुकीचा.

आता अधिवासाच्या विखंडनाकडे येऊ. आपल्या शंभर तुकड्यांपैकी ३० नष्ट झाले असे माना. ऑलंडसारख्या ठिकाणी त्यासाठी नांगर किंवा इमारतच लागते असे नाही. गुरांची चराई थांबली की कुरणावर झुडपे माजतात आणि अळीची खाद्यवनस्पती सावलीत दबते. शिल्लक ७० पैकी पहिल्या दिवशी ४२ वसलेले आणि २८ रिकामे असतील. पण वर्षात सुमारे ८ वस्त्या उठतील आणि ६ च बसतील. घसरण सुरू होते आणि ती ३० वसलेल्या तुकड्यांवर थांबते. अधिवास तीस टक्क्यांनी घटला, वस्त्या मात्र निम्म्या झाल्या. त्या वेळी रिकामे तुकडे किती? ७० मधून ३० गेले, म्हणजे ४०. आधीही ते ४०च होते.

या सूत्रातील सर्वांत उपयोगी गोष्ट हीच आहे. समतोलावर रिकाम्या तुकड्यांची संख्या बदलत नाही. ती e/c इतकीच राहते. विखंडनाचा सारा भार वसलेल्या तुकड्यांवर पडतो. म्हणून ६० तुकडे नष्ट झाले आणि राहण्यास उत्तम असे ४० उरले, तर समतोलावर वसलेले तुकडे शून्य. जागा आहे, चारा आहे, तरी जीव नाही. ‘येथे फुलपाखरू दिसत नाही, तेव्हा ही जागा दुसऱ्या कामाला घेण्यास हरकत नाही’ हा युक्तिवाद म्हणूनच घातक ठरतो. आज रिकामा असलेला तुकडा ही उद्याच्या वस्तीची जागा असते.

शून्य लगेच येत नाही, हे अधिक फसवे आहे. ६० तुकडे गेल्यानंतर पहिल्या मोजणीत उरलेल्या ४० पैकी २४ वसलेले दिसतील. पाहणी करणारा समाधानाने परत जाईल. त्या वर्षी पाच वस्त्या उठतील, दोन बसतील, आणि शेवटची वस्ती उठेपर्यंत कित्येक वर्षे जातील. डेव्हिड टिल्मन आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली अशा उशिरा होणाऱ्या लोपाला ‘विलोपनाचे ऋण’ म्हटले. जमीन आज गेली, वसुली पुढे होते.

शेतीच्या दृष्टीने मला याहून महत्त्वाचा वाटतो तो मित्रकीटकांचा हिशेब. ऑलंडच्या अळ्यांवर कोटेशिया मेलिटिएरम ही परोपजीवी गांधीलमाशी जगते. उसाच्या खोडकिडीवरील कोटेशिया फ्लॅव्हिपेस वाचकांच्या परिचयाची असेल. ही तिचीच नातलग. या माशीच्या दृष्टीने कुरण हा अधिवास नव्हेच. अळ्यांनी वसलेले कुरण हा तिचा अधिवास. म्हणजे फुलपाखराचे ६० हेच तिचे १००. तिचा स्वतःचा e/c, यजमान गेल्यामुळे उठणाऱ्या तिच्या वस्त्या धरून, ०.४ मानला, तर समतोलावर तिच्याकडे २० तुकडे येतात. आता तेच ३० तुकडे नष्ट होऊ द्या. यजमान ३० तुकड्यांवर टिकून राहतो. ३० मधून ४० वजा जात नाहीत, माशी संपते. हे आकडे मानलेले आहेत. पण ऑलंडमध्ये ही माशी फार दूर उडत नाही आणि जेथे फुलपाखराच्या वस्त्या दाट आहेत अशाच भागांत ती टिकते, हे प्रत्यक्ष दिसले आहे. अन्नसाखळीत वर बसलेला जीव विखंडनात आधी जातो. यजमान पिकावरील कीड असेल, तर शत्रू गेल्यावर उरलेल्या तुकड्यांत तिचा उपद्रव वाढूही शकतो.

लेव्हिन्स यांच्या सूत्रात सर्व तुकडे सारखे आणि सर्वांना सर्व सारखेच जवळ, हे गृहीतक उघडच ढोबळ आहे. १९९४ साली हान्स्की यांनी ते सुधारले. विलोपनाचा धोका तुकड्याच्या क्षेत्रफळावर आणि वसाहतीची शक्यता शेजारच्या वसलेल्या तुकड्यांच्या अंतरावर बेतली. लहान तुकडा लवकर ओस पडतो, दूरचा तुकडा उशिरा वसतो. त्यामुळे किती तुकडे वाचवायचे याइतकेच कोणते वाचवायचे हेही मोजता येऊ लागले. ग्लॅनव्हिल फ्रिटिलरी बहुधा काही शे मीटरच फिरते. नवी वस्ती दोन-तीन किलोमीटरपलीकडे क्वचितच बसते.

एक उणीव मात्र तरीही उरते. वस्त्या एकेकट्या, आपापल्या कारणांनी उठतात, हा सगळ्या मांडणीचा पाया आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात ऑलंडवर तीव्र दुष्काळ पडला. खाद्यवनस्पती सगळीकडे एकाच वेळी वाळल्या आणि अळ्यांच्या जाळ्यांची संख्या सुमारे दहाव्या हिश्श्यावर आली. शेजारची वस्तीही त्याच दिवशी संकटात असेल तर मदतीला येणार कोण? कीडनियंत्रणात सर्व शेतकऱ्यांनी एकाच आठवड्यात उपाय योजावेत, असे आपण सांगतो तेव्हा किडीवर नेमके हेच संकट आणत असतो.

आपल्या परिसरातील एखादा जीव असा जगतो आहे का, हे पाहण्यासाठी त्याच तुकड्यांची किमान दोन वर्षे नोंद हवी, आणि ती रिकाम्या तुकड्यांसह हवी. पहिल्या वर्षी वसलेल्या ६० पैकी १२ दुसऱ्या वर्षी रिकामे आढळले तर e = १२/६० = ०.२. रिकाम्या ४० पैकी १२ नव्याने वसले, म्हणजे ०.३, त्याला वसलेल्यांच्या हिश्श्याने, ०.६ ने, भागले की c = ०.५. वस्त्या कधी उठतच नसतील, किंवा उठून पुन्हा कधीच बसत नसतील, तर हे सूत्र तेथे लावू नये. पहिल्या स्थितीत ती एकच मोठी संख्या असते, दुसऱ्या स्थितीत प्रत्येक वस्ती आपापली एकटीच मावळत असते.

नोंदीत सर्वांत जास्त चूक होते ती ‘रिकामा’ लिहिताना. एकच जाळे असलेल्या कुरणात ते नजरेतून सुटले की कागदावर वस्ती उठते. पुढच्या वर्षी तेच दिसले की कागदावर वस्ती बसते. दोन्ही दर फुगतात आणि ठप्प झालेली जागाही गजबजलेली भासते. यासाठी रिकाम्या ठरलेल्या तुकड्यांपैकी काहींची, त्याच आठवड्यात, पहिली नोंद न दाखवता दुसऱ्या माणसाकडून पाहणी करून घ्यावी. दहापैकी किती ठिकाणी त्याला जीव सापडतो, त्यावरून सुटलेल्या वस्त्यांचा अंदाज येतो आणि दरांत तितकी दुरुस्ती करता येते.