मोहफुलाचा ओलावा

१८९२ साली मुंबई सरकारने मोहफुलांविरुद्ध एक कायदा केला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत गावठी दारू गळू नये म्हणून फुलांच्या साठवणुकीवर आणि व्यापारावरच बंधनं घातली. हा कायदा अनेक वर्षं माझा पिच्छा सोडत नाही. भुकेच्या दिवसांत आदिवासी घरं फुलं भाजून, शिजवून खात; कायद्याला मात्र त्यात फक्त भट्टी दिसली. आमचं यवतमाळ तेव्हा वऱ्हाडात, म्हणजे या कायद्याबाहेर. पुढे मुंबई राज्यात आल्यावर दारूबंदीची बंधनं इथल्या फुलांनाही लागली. महाराष्ट्राने ती सैल केली थेट २०२१ मध्ये.

झरी-जामणी, केळापूर, घाटंजीच्या रानात मार्च-एप्रिलमध्ये फुलं पहाटे गळतात. वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवायची रीत आहे. ती मला अजिबात पटत नाही. वणवा पसरतो, कोवळी रोपं जळतात आणि फुलाला राख लागते. झाडाखाली जाळी किंवा जुन्या साड्या बांधल्या की फूल मातीला टेकतच नाही.

खरं काम त्यानंतरचं. ताज्या फुलात साखर भरपूर आणि पाणीही भरपूर. ढीग करून ठेवलं तर दुपारपर्यंत ते तापतं, आंबू लागतं. दारू गाळणाऱ्याला हेच आंबणं हवं असतं, खाऊ करणाऱ्याने ते होऊच द्यायचं नाही. म्हणून फुलं त्याच सकाळी निवडून, आतले केसर काढून, जमिनीपासून उंच बांधलेल्या स्वच्छ कापडावर एका थरात पसरायची आणि संध्याकाळी दवाआधी घरात घ्यायची. तीन-चार कडक उन्हांत दहा किलोंची साधारण दोन किलो उरतात. मूठभर फुलं दाबून सोडावीत: सुटी झाली तर वाळली, गोळा राहिला तर आणखी एक ऊन द्यावं. आंबूस वास आला किंवा पांढरी बुरशी दिसली तर ती फुलं खाण्यासाठी वापरू नयेत. वाळलेलं फूल हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे मृगाच्या आत घट्ट झाकणाच्या डब्यात भरायलाच हवं.

लाडवासाठी एक किलो फुलं मंद आचेवर कोरडी भाजावीत आणि अर्धा किलो तीळ, अर्धा किलो शेंगदाणे वेगळे भाजून सगळं उखळात कोमट असतानाच कुटावं. फुलाच्या साखरेनेच लाडू वळतो. सुटत असेल तरच थोडा गूळ घालावा. फुलात प्रथिनं आणि स्निग्धांश कमी, म्हणून तीळ-शेंगदाण्यात काटकसर करू नये. फूल जास्त भाजलं गेलं तर लाडू कडू होतो.

विकायचं तर अन्नसुरक्षा नोंदणी लागते. २००६ च्या वनहक्क कायद्याने फुलं वेचायचा आणि विकायचा हक्क दिला आहे, पण मोह दरवर्षी सारखा फुलत नाही आणि बहरात अवकाळी आला तर वेचलेलंही काळं पडतं. म्हणून पहिल्या हंगामात दोन-तीन झाडांपुरतंच काम घ्यावं. त्यातला एक डबा श्रावणात उघडून पाहावा. फूल सुटं आणि वासाला गोड निघालं, तर पुढच्या वर्षी आणखी झाडांखाली जाळ्या बांधायला हरकत नाही.