कोलेस्टेरॉलची आवक-जावक

अंडी, मांस, मासे यांना ज्या घरात पिढ्यान् पिढ्या स्थान नाही, त्या घरातील कर्त्या पुरुषाच्या रक्ततपासणीत कोलेस्टेरॉल वाढलेले निघाले, की सारे कुटुंब बुचकळ्यात पडते. कोलेस्टेरॉल केवळ प्राणिज पदार्थांतच असते. शेंगदाण्याच्या वा सरकीच्या तेलात ते जवळजवळ नसतेच. शाकाहारी घरात ते दूध, लोणी आणि तूप यांतून येते, आणि मोठ्या चमचाभर तुपात ते अवघे ३५ ते ४० मिलिग्रॅम असते. मग हा साठा आला कोठून? उत्तर असे, की शरीर स्वतःच दररोज आठशे ते हजार मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल तयार करते. पेशींची आवरणे, पित्त आणि अनेक संप्रेरके यांसाठी ते आवश्यकच असते. म्हणून प्रश्न केवळ ताटातील आवकीचा नाही. रक्तातून माल किती वेगाने उचलला जातो, हा खरा प्रश्न आहे.

आतड्यापासून यकृतापर्यंत

रक्त मुख्यतः पाण्याचे, आणि स्निग्ध पदार्थ पाण्यात विरघळत नाहीत. म्हणून शरीर त्यांची लहान लहान गाठोडी बांधते. आत चरबी व कोलेस्टेरॉल, आणि बाहेर पाण्याशी जुळवून घेणारे प्रथिनयुक्त वेष्टन. यांनाच लिपोप्रोटीन म्हणतात.

वरणभातावर घेतलेले तूप लहान आतड्यात पचले, की आतड्याच्या पेशी त्याची सर्वांत मोठी गाठोडी बांधतात. त्यांचे नाव कायलोमायक्रॉन. त्यांत बहुतांश भाग ट्रायग्लिसराइड या चरबीचा असतो, कोलेस्टेरॉल थोडेच. साखर व प्रथिने आतड्यातून थेट यकृताकडे जातात. कायलोमायक्रॉन मात्र आकाराने इतके मोठे, की आतड्याच्या केशवाहिन्यांत त्यांचा शिरकाव होत नाही. ते लसिकावाहिन्यांतून वर चढतात आणि मानेच्या डाव्या बाजूच्या तळाशी शिरेत उतरतात. तेथून ते प्रथम स्नायू आणि मेदसाठे यांच्याकडे पोहोचतात. तेथील केशवाहिन्यांच्या भिंतीवरचे एक विकर त्यांतील ट्रायग्लिसराइड फोडून काढून घेते. जवळपास रिकामे झालेले गाठोडे उरलेले कोलेस्टेरॉल घेऊन यकृतात शिरते.

ही सारी उलाढाल काही तासांत उरकते. जड जेवणानंतर लगेच रक्त काढले, तर परीक्षानळीतील रक्तद्रव दुधासारखा गढूळ दिसू शकतो. तो गढूळपणा या कायलोमायक्रॉनचाच. बारा तास उपाशी राहून रक्त देण्याची पद्धत याच कारणाने पडली.

यकृत पाठवते, यकृतच परत घेते

यकृत स्वतः बनवलेली चरबी व कोलेस्टेरॉल व्हीएलडीएल नावाच्या गाठोड्यांत भरून रक्तात पाठवते. वाटेत त्यांतील ट्रायग्लिसराइड पेशी काढून घेतात. शेवटी उरते ते लहान, घट्ट आणि कोलेस्टेरॉलने भरलेले एलडीएल. काही एलडीएल पेशी आपल्या गरजेपुरते घेतात, पण बरेचसे यकृतच परत उचलते. एलडीएलचा कण रक्तात साधारण दोन ते तीन दिवस फिरतो. उचल मंदावली, की तो अधिक काळ फिरतो, रोहिणीच्या भिंतीत शिरतो आणि तेथे अडकून थर साचू लागतो.

ही उचल कशी होते, याचा शोध अमेरिकेतील डॅलस येथील मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी लावला. त्यासाठी त्यांना १९८५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. काही मुलांना बालवयातच हृदयविकाराचे झटके का येतात, याचा ते शोध घेत होते. या मुलांच्या पेशींवर एलडीएलला धरून आत घेणारे ग्राहक-रेणूच नव्हते वा निकामी होते, असे त्यांना आढळले. आई-वडील दोघांकडून सदोष जनुक आले, तर हा तीव्र आजार होतो. तो विरळा आहे. एकाकडूनच आले, तर एलडीएल बहुधा १९०च्या वर राहते. असे साधारण अडीचशे ते तीनशे व्यक्तींमागे एकाला असते. टाचेमागील जाड कंडरेवर गाठी येणे ही त्याची एक खूण. अशा घरात एकाचे निदान झाले, की भावंडांची व मुलांचीही तपासणी करावी लागते.

निरोगी माणसातही ग्राहक-रेणूंची संख्या कमी-अधिक होते. तूप, लोणी, खोबरेल यांतील संपृक्त चरबी ती घटवते; म्हणजे तुपाचा परिणाम त्यातील थोड्या कोलेस्टेरॉलपेक्षा या मार्गाने अधिक होतो. वनस्पती तुपातील ट्रान्स चरबी एलडीएल वाढवते आणि एचडीएलही घटवते. स्टॅटिन गटातील औषधे यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखतात. घरातला माल कमी पडताच यकृत अधिक ग्राहक-रेणू बाहेर काढते आणि रक्तातील एलडीएल ओढून घेते.

इसबगोल किंवा ओट यांतील विद्राव्य तंतूंचे कामही असेच आहे. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले बनवून आतड्यात सोडते, आणि त्यांतील सुमारे ९५ टक्के पुन्हा शोषली जातात. तंतूंनी त्यांतील काही बाहेर नेली, तर नवी पित्ताम्ले बनवण्यासाठी यकृताला रक्तातून कोलेस्टेरॉल घ्यावे लागते. घट माफक असते, पण होते.

परतीची वाट

एचडीएल हे उलट्या दिशेचे वाहन. पेशींत आणि रोहिणीच्या भिंतीत साठलेले जादा कोलेस्टेरॉल ते उचलते आणि यकृताकडे पोहोचवते. तेथून ते पित्तावाटे बाहेर पडू शकते. म्हणूनच त्याला ‘चांगले’ म्हणतात. तथापि अहवालातील एचडीएलचा आकडा त्याने वाहिलेले कोलेस्टेरॉल सांगतो, केलेले काम नव्हे. टॉरसेट्रॅपिब या औषधाने एचडीएल भरघोस वाढले, पण मृत्यू वाढल्याने त्याची चाचणी डिसेंबर २००६ मध्ये थांबवावी लागली. उत्तम एचडीएल म्हणजे वाढलेल्या एलडीएलची वजावट, असा हिशेब त्यामुळे धरता येत नाही.

अहवालाची बेरीज-वजाबाकी

एखाद्या ५२ वर्षांच्या व्यापारी गृहस्थांचा उपाशीपोटीचा अहवाल असा धरू: एकूण कोलेस्टेरॉल २३४, एचडीएल ३६, ट्रायग्लिसराइड २१०. अनेक प्रयोगशाळा एलडीएल मोजत नाहीत, वजाबाकीने काढतात. ट्रायग्लिसराइडला पाचने भागले, की व्हीएलडीएलमधील कोलेस्टेरॉलचा अंदाज मिळतो; येथे ४२. मग २३४ वजा ३६ वजा ४२, म्हणजे एलडीएल १५६. शंभरच्या आत असणे उत्तम मानले जाते. पुरुषांत ४०खालील एचडीएल कमी आणि १५०वरील ट्रायग्लिसराइड वाढलेले, म्हणजे येथे तिन्ही आकडे बिघडलेले आहेत. कमी एचडीएल आणि वाढलेले ट्रायग्लिसराइड ही जोडी भारतीयांत पुष्कळ आढळते. पोटाचा घेर, बैठे काम आणि गोडधोड यांच्याशी तिचा संबंध आहे.

याच गृहस्थांनी बासुंदी-पुरीच्या जेवणानंतर रक्त दिले आणि ट्रायग्लिसराइड ३१० झाले, तर वजा होणारा आकडा ६२ होईल. बाकीचे आकडे तेच राहिले, तरी एलडीएल १३६ दिसेल. रोग घटलेला नसतो, फक्त अंदाज चुकलेला असतो. ट्रायग्लिसराइड ४००च्या वर गेले, की हे सूत्र वापरूच नये. तेव्हा एलडीएल थेट मोजून घ्यावे लागते. एकूणातून केवळ एचडीएल वजा केले, तर १९८ हा आकडा मिळतो. त्यात रोहिणीत साचू शकणारे सर्व कोलेस्टेरॉल येते, आणि जेवणाने तो फारसा बदलत नाही. अनेक अहवालांत तो ‘नॉन-एचडीएल’ या नावाने छापलेला असतो. नसला, तर एका वजाबाकीने घरीच काढता येतो आणि डॉक्टरांपुढे ठेवता येतो.