एका खोलीत दोन यंत्रं, आणि व्हीसीतली शिट्टी

जिल्हा परिषदेची व्हीसी सुरू होते. कळंबकडच्या एखाद्या ग्रामपंचायतीत ग्रामसेवक लॅपटॉपवर, शेजारी ऑपरेटर मोबाइलवर. ग्रामसेवक बोलले की आवाज मोबाइलच्या स्पीकरमधून बाहेर येतो, लॅपटॉपच्या माइकमध्ये शिरतो, पुन्हा मोबाइलवर येतो. फेरे वाढत जातात आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी सुरू होते.

प्रत्येक यंत्र स्वतःच्या स्पीकरचा आवाज स्वतःच्या माइकमधून वजा करतं. शेजारच्या यंत्रातून काय वाजणार, हे मात्र त्याला ठाऊक नसतं. म्हणूनच ऑपरेटरने नुसता माइक म्यूट करून भागत नाही. त्याचा स्पीकर चालूच असतो. सगळे नेमके इथेच अडतात.

उपाय असा: आवाजासाठी एकच यंत्र ठेवा. झूमवर मोबाइलमध्ये More मधून Disconnect audio निवडा, गूगल मीटवर लॅपटॉपने जोडताना Companion mode घ्या. चित्र दिसत राहतं, आवाज मात्र तुटतो. दोघांनी हेडफोन लावले तर शिट्टी थांबते. पण एकाचा आवाज दोन्ही माइकमध्ये जाऊन पलीकडे दुहेरी ऐकू येऊ शकतो. तेव्हा न बोलणाऱ्याने माइक बंद ठेवावा.