चित्राखालच्या दोन ओळी

कलेतिहासाच्या पेपरांचा गठ्ठा समोर आला, की मी मजकूर वाचण्याआधी चित्रांखालच्या ओळी वाचतो. विद्यार्थ्याने वस्तू खरंच पाहिली आहे का, की नुसती तिची प्रतिमा पाहिली आहे, हे तिथे पटकन कळतं. गेल्या वर्षी एका गठ्ठ्यात होकुसाईच्या प्रसिद्ध लाटेखाली अशी नोंद होती: ‘द ग्रेट वेव्ह, १८४७, स्रोत : गूगल.’ एवढ्याशा ओळीत तीन चुका, आणि तिन्ही शिकवण्याजोग्या.

त्यातली १८४७ ही चूक मला विशेष आवडली, कारण तिच्यामागे थोडी मेहनत होती. विद्यार्थी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या नोंदीपर्यंत पोचला होता. तिथे या मुद्राचित्राचा नोंदणी क्रमांक JP1847 असा आहे. जपानी मुद्राचित्रांच्या यादीतला हा फक्त अनुक्रमांक, पण चार आकडे दिसले की आपल्याला साल दिसतं. त्याच नोंदीत पुढे १९२९ हे सालही आहे, आणि ते चित्राचं साल समजणारेही भेटतात. १९२९ मध्ये श्रीमती हॅवमायर यांच्या मृत्युपत्रानुसार हे चित्र संग्रहालयाला मिळालं. लाट छापली गेली ती सुमारे १८३० ते १८३२ या काळात.

चित्राखालच्या ओळीत मुळात दोन वेगळ्या गोष्टींची नोंद असते. एक, मूळ वस्तू : कोणी केली, केव्हा, कशात, केवढी, आज कुठे आहे. दुसरी, त्या वस्तूची जी प्रतिमा तुम्ही कागदावर चिकटवली ती : ती कोणी काढली, तुमच्यापर्यंत कुठून आली. पहिल्या भागाचा मालक होकुसाई, दुसऱ्याचा छायाचित्रकार किंवा संग्रहालय. ‘स्रोत : गूगल’ हे या दोहोंपैकी कशाचंच उत्तर नाही. पुस्तक कोणाचं असं विचारल्यावर रिक्षाचा नंबर सांगावा, तसं ते आहे.

लाटेची नोंद नीट लिहिली तर अशी होते :

चित्र १. कात्सुशिका होकुसाई, ‘कानागावाच्या समुद्रातील लाटेखाली’ (‘द ग्रेट वेव्ह’ या नावाने प्रसिद्ध), ‘फुजी पर्वताची छत्तीस दृश्ये’ या मालिकेतून, सुमारे १८३०–३२. लाकडी ठशांचे बहुरंगी मुद्रण, कागदावर शाई व रंग, २५.७ × ३७.९ सेंमी. मेट्रोपॉलिटन म्युझियम ऑफ आर्ट, न्यूयॉर्क, एच. ओ. हॅवमायर संग्रह, श्रीमती एच. ओ. हॅवमायर यांच्या मृत्युपत्रान्वये, १९२९ (JP1847). प्रतिमा : मेट्रोपॉलिटन म्युझियम ऑफ आर्ट, CC0.

क्रम शैलीपुस्तिकेप्रमाणे थोडा इकडेतिकडे होतो. तुमच्या विभागाने जी शैली सांगितली असेल ती पाळा आणि शेवटच्या चित्रापर्यंत तीच ठेवा. माझा जीव त्या क्रमापेक्षा मधल्या आकड्यांत अडकतो.

साल आधी घेऊ. ‘सुमारे’ हा शब्द विद्यार्थ्यांना कमीपणाचा वाटतो, म्हणून ते तो गाळतात आणि अंदाजाचं ठाम विधान होऊन बसतं. होकुसाईने या ठशावर तारीख घातलेली नाही. अभ्यासकांनी ती मालिकेच्या प्रकाशनावरून ठरवली आहे, त्यामुळे एक संग्रहालय सुमारे १८३०–३२ म्हणतं तर दुसरं १८३१. ज्या प्रतीचं चित्र वापरलंत, त्या प्रतीच्या संग्रहालयाचं साल घ्या. ते तुम्हाला पटत नसेल तर मजकुरात वाद घाला आणि तळटीप द्या. चित्राखालच्या ओळीत गुपचूप दुरुस्ती करू नका.

‘त्या प्रतीचं’ हे मी मुद्दाम म्हणतो. मुद्राचित्राची मूळ प्रत एकच नसते. त्याच ठशांवरून हजारो कागद निघाले, आणि त्यातले थोडेच आज जगभरच्या संग्रहालयांत उरले आहेत. प्रत्येक कागद वेगळा कापला गेला, वेगळा फिकटला, ठशांची झीजही निरनिराळी. म्हणून मापात काही मिलिमीटरांचा फरक पडतो, आकाशाच्या रंगात तर त्याहून जास्त. न्यूयॉर्कच्या प्रतीचं माप लंडनच्या प्रतीच्या प्रतिमेखाली लिहिलं, तर कुठेच नसलेली वस्तू तयार होते. नोंदणी क्रमांक लिहायचा तो याचसाठी. शीर्षक सगळ्या प्रतींचं एकच, क्रमांक मात्र प्रत्येकीचा वेगळा.

मापात आधी उंची, मग रुंदी, वस्तू त्रिमितीय असेल तर शेवटी खोली. हे उलटं झालं की आडवी लाट उभी होते. लिहून झाल्यावर चित्राकडे एकदा पाहा : चित्र आडवं असेल तर दुसरा आकडा मोठा हवा. याहून गमतीची चूक अपूर्णांकांत होते. संग्रहालयाच्या पानावर इंचांतली उंची दहा पूर्णांक एक अष्टमांश अशी असते. ती तिथून उचलून चिकटवली की मधली मोकळी जागा गळून ‘१०१/८’ उरतं. मग कोणी भाबडेपणाने १०१ ला ८ ने भागतो. दोन्ही मापं दिली असतील तर सरळ सेंटिमीटर घ्या. पडताळायचं असेल तर इंचांना २.५४ ने गुणा. १०.१२५ गुणिले २.५४ म्हणजे २५.७, उत्तर जुळतं. आणखी एक : हे माप कागदाचं आहे, चौकटीचं आहे की फक्त छापलेल्या भागाचं, हे नोंदीत सांगितलं असेल तर तो शब्दही सोबत घ्या.

माध्यमाच्या जागी ‘पेंटिंग’ लिहिणारा लाटेला ब्रशचं चित्र समजतो, आणि पुढच्या परिच्छेदात होकुसाईच्या ‘फटकाऱ्यां’चं कौतुक करतो. त्या रेषा लाकूड कोरणाऱ्या कारागिराच्या हातातून आलेल्या असतात, आणि मग तुमचं विवेचनच चुकलेलं असतं.

आता अजिंठ्याला या. इथे संग्रहालय नाही, नोंदणी क्रमांक नाही, वस्तूचं माप सांगणारी पाटी नाही. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातल्या पद्मपाणीखाली काय लिहायचं?

क्रमांकाच्या जागी स्थान येतं, आणि ते नेमकं हवं. नुसतं ‘अजिंठा’ लिहिलं तर वाचकाला तीसेक लेणी धुंडाळावी लागतील. मापाच्या जागी मापाची अटकळ लिहू नये. विश्वासार्ह ग्रंथात मोजमाप सापडलं तर त्याचा हवाला देऊन घ्या, नाहीतर जागा सोडून द्या. माध्यमाला मात्र इथे खरी परीक्षा आहे. निम्मे पेपर ‘फ्रेस्को’ लिहितात. खऱ्या फ्रेस्कोत ओल्या चुन्यावर रंग लावतात आणि चुना वाळताना रंग त्यात बांधला जातो. अजिंठ्यात माती, तूस आणि वनस्पतींच्या धाग्यांचा गिलावा आहे, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग कोरड्या पृष्ठावर डिंकासारख्या बांधणीत कालवलेले रंग. म्हणून ‘भित्तिचित्र’ म्हणा आणि प्रक्रिया थोडक्यात सांगा :

चित्र २. बोधिसत्त्व पद्मपाणी, लेणे क्र. १, दालनाची मागील भिंत, अंतराळाच्या दाराच्या डावीकडे, अजिंठा, महाराष्ट्र. वाकाटक काळ, इ. स. ५ व्या शतकाचा उत्तरार्ध. भित्तिचित्र : मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा थर, कोरड्या पृष्ठावर रंग. छायाचित्र : लेखकाचे, जानेवारी २०२४.

‘५ व्या शतकाचा उत्तरार्ध’ ही वॉल्टर स्पिंक यांच्या मांडणीशी जुळणारी तारीख. जुन्या पुस्तकांत याच लेण्याला सहावं, सातवं शतकही दिलेलं सापडेल. छतावरच्या एका दृश्यात इराणचा राजा खुश्रू दिसतो असं मानून ते काळ पुढे खेचले गेले होते. म्हणून कुठल्या पुस्तकातून साल घेतलं ते मजकुरात सांगावं. दोन पुस्तकांतून दोन चित्रांखाली दोन शतकं आली, तर परीक्षकाच्या लाल पेनाला दोष देता येत नाही.

पण सगळ्यात जास्त गोंधळ दुसऱ्या अर्ध्यात होतो, प्रतिमा कोणाची या प्रश्नात. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या प्रतिकृती करून घेतल्या. पुढे १८९६–९७ मध्ये त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला. त्यातले फलक आज इंटरनेटवर भरपूर फिरतात. ते सुंदर आहेत आणि रेषा स्पष्ट आहे, म्हणून विद्यार्थी तेच उचलतात आणि खाली ‘५ वे शतक’ लिहितात. कागदावर असतो तो एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या विद्यार्थ्याचा हात. अशा वेळी ओळ ‘ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली केलेली प्रतिकृती’ अशी सुरू व्हावी. मग ‘मूळ : अजिंठा, लेणे क्र. १’ आणि शेवटी ग्रंथ, वर्ष, फलक क्रमांक. भुवईच्या वळणावर परिच्छेद लिहायचा असेल तर ही प्रतिकृती वापरूच नका.

छायाचित्रालाही साल लागतं. निजामाच्या काळात, १९२० च्या आसपास, इटालियन तज्ज्ञांनी चित्रांवर शेलॅक लावलं आणि ते पुढे पिवळं पडलं. नंतर पुरातत्त्व विभागाने बऱ्याच ठिकाणी सफाई केली. म्हणजे जुन्या आणि नव्या छायाचित्रांत रंग वेगळे दिसतात, आणि ‘कलावंताला उबदार पिवळसर छटा प्रिय होती’ असं वाक्य लिहिणाऱ्याने आपण शेलॅकचं वर्णन तर करत नाही ना, हे पाहावं.

विकिमीडिया कॉमन्सवरून घेतलं तर प्रतिमेच्या स्वतंत्र पानावर जा. तिथे ‘Author’ आणि ‘Source’ असे दोन रकाने असतात. ज्याने प्रतिमा चढवली तो छायाचित्रकार असेलच असं नाही. अनेकदा ‘Source’ मध्ये पुस्तकाचं नाव दडलेलं असतं, आणि तुमचा खरा हवाला तेच पुस्तक. परवान्याचं नावही तिथेच लिहिलेलं असतं, ते जसंच्या तसं उतरवा. CC BY-SA म्हणजे नाव देणं बंधनकारक. CC0 असेल तर कायदा काही मागत नाही, पण पेपरात हवाला तरीही द्यायचा, कारण वाचकाला तीच प्रतिमा शोधायची असते. कॉपीराइट आणि हवाला या वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

कॉपीराइटची पंचाईत नव्या चित्रकारांपाशी येते. भारतात कलाकृतीवरचा हक्क कलावंताच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. पंढरपूरला जन्मलेले हुसेन २०११ मध्ये गेले, म्हणजे त्यांची चित्रं २०७१ च्या अखेरपर्यंत हक्काखाली. वर्गातल्या पेपरात अभ्यासासाठी, टीकेसाठी चित्र वापरायला कायद्यात मोकळीक आहे. तोच पेपर नियतकालिकात छापायला निघाला, तर हक्कधारकाची परवानगी घ्यावी लागते का, हे संपादक विचारेल आणि ओळीत ‘© …’ येईल.

लेण्यात गेलात तर एक सवय लावून घ्या. फ्लॅश मारायला बंदी आहे आणि उजेड कमी असतो, त्यामुळे घरी आल्यावर सगळे फोटो सारखेच काळपट दिसतात. म्हणून आत शिरताना आधी दारातल्या लेणी क्रमांकाच्या पाटीचा फोटो घ्या, मग भिंत पूर्ण दिसेल असा एक, आणि त्यानंतरच तपशिलाचे. फोनमधला क्रमच मग सांगतो की हा हात कुठल्या लेण्यातल्या, कुठल्या भिंतीवरचा.